दसरा-दिवाळी कर्ज ऑफरचा मजकूर: "प्रोसेसिंग फी माफ" ठळक लिहायचं, मग "कोणाला" हे कुठे लिहायचं?

कृष्णाकाठ · १ सप्टेंबर २०२५, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत पत्रकं, फ्लेक्स, वर्तमानपत्रातल्या जाहिराती असं काम बघते. घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, दिवाळी पाडव्यापर्यंत वाहनकर्ज आणि गृहकर्जावर प्रोसेसिंग फी माफ करायचं ठरलंय. मजकूर माझ्याकडे आलाय. साहेबांनी दिलेला कच्चा मजकूर असा:

"दसरा-दिवाळी महाबचत! वाहन व गृहकर्ज – प्रोसेसिंग फी शून्य!* किमतीच्या ९०% पर्यंत कर्ज. तात्काळ मंजुरी. *अटी व नियम लागू."

गेल्या वर्षी जवळजवळ हाच मजकूर होता. दसऱ्याच्या चार दिवस आधी एक गृहस्थ आले. शोरूममध्ये २१ हजार भरून गाडी बुक केलेली, दसऱ्याचा मुहूर्त ठरलेला. नोकरीला अकरा महिने झाले होते आणि आमची अट दोन वर्षांची. त्यांच्या हातात आमचंच पत्रक होतं, चार घड्या घातलेलं. "हे कुठे लिहिलंय ते दाखवा" म्हणाले. मागच्या बाजूला सहाव्या ओळीत होतं. ती ओळ शोधायला मलाच चष्मा लावावा लागला. ते काही बोलले नाहीत, पत्रक परत खिशात घातलं आणि गेले. बुकिंगचे सगळे पैसे त्यांना परत मिळाले नाहीत, हे नंतर कळलं.

म्हणून या वेळी मी असं लिहिलंय:

"नवरात्र ते पाडवा: वाहन आणि गृहकर्जावर प्रोसेसिंग फी नाही. २२ सप्टेंबर ते २२ ऑक्टोबर २०२५. पात्रता: नोकरीत किमान २ वर्षं, किंवा व्यवसायाचे २ वर्षांचे आयकर रिटर्न. वय २१ ते ६०. सिबिल समाधानकारक. किमतीच्या ९०% पर्यंत कर्ज. इतर शुल्क प्रत्यक्ष खर्चानुसार."

साहेबांचं म्हणणं, जाहिरातीचं काम माणसाला दारात आणण्याचं, अटी काउंटरवर सांगू. मला ते पटत नाही. माझ्या मजकुरात काय राहिलंय ते सांगा. छापायला १२ तारखेला द्यायचंय.

फ्लेक्सवाला · रात्री ९.४८

मी छपाईतला माणूस, कर्जातलं कळत नाही. पण दहा बाय आठच्या फ्लेक्सवर खाली पट्टीत इंचभर अक्षरात अटी टाकल्या तर त्या रस्त्यापलीकडून कोणाच्या बापाला वाचता येत नाहीत. चौकात गाडीवरून जाणारा सात-आठ शब्द वाचतो, बस. त्यामुळे तुमची सगळी पात्रता फ्लेक्सवर मावणार नाही, ती पत्रकावरच जाणार.

एक करता येईल. सगळ्यात जास्त लोकांना बाहेर ठेवणारी जी एक अट असेल ती मथळ्यातच घ्या. "नोकरी किंवा धंद्याला २ वर्षं झाली? कर्जाला प्रोसेसिंग फी नाही." वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं आपण यात बसतो की नाही. आणि तारा नको. फ्लेक्सवर तारा म्हणजे ज्याचं उत्तर त्या फ्लेक्सवर नाहीच असा प्रश्न.

विक्रम_पुणे · रात्री १०.२०

उगाच डोकेफोड करताय. आता केएफएस आलंय ना. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक कर्जदाराला सगळे खर्च एका पानावर लिहून द्यावेच लागतात, वार्षिक टक्केवारीसकट. मग जाहिरातीत परत कशाला? शिवाय माझ्या माहितीप्रमाणे ते व्यापारी बँका आणि फायनान्स कंपन्यांनाच आहे, तुमच्या नागरी बँकांना नाही.

शिलाई_अंजली · रात्री १०.३५

मला विचारायचं होतं, माझं शिवणकामाचं दुकान आहे, सहा वर्षं झाली. एक जुनी स्कूटी बघितली आहे, ४२ हजारांना. तर ही फी माफ मला मिळेल का? आणि मी आजपर्यंत कुठेच कर्ज घेतलेलं नाही. मोबाईलवर सिबिल बघितलं तर उणे एक दाखवतंय. म्हणजे माझं सिबिल खराब आहे का?

निवृत्त_कर्जविभाग · रात्री ११.०५

एकेकाचं घेतो. कर्ज खात्यात बत्तीस वर्षं काढलीत, त्यामुळे थोडं लांबेल.

विक्रम, केएफएसचं निम्मं बरोबर सांगितलंत. परिपत्रक एप्रिल २०२४ चं, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना ते बंधनकारक झालं. पण नागरी सहकारी बँकाही त्यात आहेत. पतसंस्था नाहीत, बहुधा तिथे तुमची गल्लत झाली. आणि खरा मुद्दा वेळेचा आहे. केएफएस हातात पडतं ते अर्ज तपासून झाल्यावर, कराराच्या आधी. कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या गृहस्थांनी बुकिंग त्याच्या कितीतरी आधी केलं होतं. त्यांच्यापर्यंत केएफएस पोचलंच नसतं, कारण ते तपासणीतच बाद झाले. बुकिंगच्या आधी माणसाच्या हातात फक्त पत्रक असतं.

अंजलीताई, उणे एक म्हणजे खराब नव्हे. तुमच्या नावावर कर्जाचा इतिहासच नाही, एवढाच त्याचा अर्थ. खराब सिबिल असतं ते कमी आकड्याचं, तीनशे ते नऊशेमधलं. बँक अशा वेळी तुमचं बँक खातं, रिटर्न, जामीनदार बघते. पण कृष्णाकाठ, ताईंच्या प्रश्नाने तुमच्या मजकुरातली दोन भोकं दाखवली. एक, गाडी नवी की जुनी हे तुम्ही लिहिलंच नाही. दोन, "सिबिल समाधानकारक" वाचून ताईंनी स्वतःला बाद धरलं असतं. समाधानकारक कोणाच्या दृष्टीने? हा शब्द बँकेला सोयीचा आहे, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

माझ्या मते अटी दोन गटांत लिहा. पहिल्या गटात माणूस घरी बसून स्वतः तपासू शकेल अशा: वय, नोकरीचा कालावधी, रिटर्न, नवी गाडी की जुनी, जामीनदार किती. दुसऱ्यात बँक तपासणार अशा: सिबिल, कागदांची खातरजमा, मिळकतीचं टायटल, हप्ता झेपण्याची ताकद. दुसऱ्या गटाला सरळ म्हणा, "हे बँक तपासेल, निकाल लागेपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका." आणि "तात्काळ मंजुरी" काढून टाका. गृहकर्जात सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन यायलाच आठवडा जातो. ते शब्द छापून तुम्ही शाखेतल्या माणसाला खोटं पाडणार.

कृष्णाकाठ · २ सप्टेंबर, सकाळी ८.१५

धन्यवाद. ऑफर फक्त नव्या गाड्यांना आहे. हे आम्हाला इतकं गृहीत होतं की लिहायचं सुचलंच नाही. अंजलीताई, म्हणजे जुन्या स्कूटीला ही माफी नाही. कर्ज मिळू शकतं, पण नेहमीच्या फीसकट. ४२ हजारांच्या कर्जाला आमच्याकडे फी तशीही दोन-अडीचशेच्या घरातच येईल, त्यासाठी नवी गाडी घेऊ नका.

दादा_कवठेमहांकाळ · सकाळी ९.४०

फी माफ फी माफ करता, आणि शेअर्स कपातीचं काय? मी एका सहकारी बँकेतून गाडीसाठी कर्ज घेतलं. फी घेतली नाही हे खरं, पण हातात येताना रक्कम कमी आली. विचारलं तर म्हणाले भाग कापले. शोरूमवाल्याला पैसे कमी पडले, मेव्हण्याकडून उसने आणावे लागले. हे जाहिरातीत कुठेच नव्हतं.

निवृत्त_कर्जविभाग · सकाळी १०.३०

दादा अगदी मुद्द्याचं बोलले. सहकारी बँकेचं कर्ज घ्यायचं तर सभासद व्हावं लागतं, आणि कर्जाच्या प्रमाणात भाग घेण्याची जुनी पद्धत आहे: तारण कर्जाला अडीच टक्के, विनातारण कर्जाला पाच टक्के. ज्या बँकांचं भांडवल निकषाप्रमाणे पुरेसं आहे त्यांना रिझर्व्ह बँकेने ही सक्ती आता ठेवलेली नाही, पण पुष्कळ बँकांनी पद्धत चालू ठेवली आहे. हे शुल्क नाही, तुमच्या नावावर भाग जमा होतात, लाभांश मिळतो. पण गाडी घरी आणण्याच्या दिवशी ते पैसे तुमच्या हातात नसतात.

कृष्णाकाठ, तुमच्याकडे कपात आहे का? आणि "किमतीच्या ९०%" म्हणजे कोणती किंमत? एक्स-शोरूम की ऑन-रोड?

कृष्णाकाठ · दुपारी १.२०

कपात आहे, अडीच टक्के. आणि किंमत एक्स-शोरूम. तुमचा प्रश्न वाचून जेवणाच्या सुट्टीत एका गाडीचा हिशेब मांडला. मांडल्यावर मला स्वतःलाच धक्का बसला.

गाडीची एक्स-शोरूम किंमत ८,४०,००० धरली. रोड टॅक्स, विमा, नोंदणी धरून ऑन-रोड ९,६०,०००. जाहिरात वाचणारा माणूस शोरूमने सांगितलेली ऑन-रोड किंमत डोक्यात ठेवून ९०% काढणार. म्हणजे ८,६४,००० कर्ज मिळेल, आपल्याला ९६ हजार घालावे लागतील, असा त्याचा समज. प्रत्यक्षात कर्ज मिळणार एक्स-शोरूमच्या ९०%, म्हणजे ७,५६,०००. आपला हिस्सा झाला २,०४,०००. त्यात भागांचे १८,९००. म्हणजे त्याला खिशातून लागणार २,२२,९००.

आणि आम्ही मोठ्या अक्षरात जी माफी सांगतोय ती किती? आमची फी अर्धा टक्का, ३,७८० रुपये. त्यावरचा १८% जीएसटी ६८० रुपये. एकूण ४,४६० वाचले. माणूस साडेचार हजार वाचले म्हणून आनंदाने येतो आणि सव्वा लाखाचा खड्डा त्याला काउंटरवर कळतो.

फ्लेक्सवाला · दुपारी १.४५

मग हा हिशेबच छापा की पत्रकाच्या मागच्या बाजूला. सहा ओळींच्या अटी कोणी वाचत नाही, पण "९ लाख ६० हजारांची गाडी घेताना" म्हटलं की माणूस वाचतो. आकडे उजवीकडे एका सरळीत घ्या, किराणाच्या पावतीसारखे. जागा मी काढून देतो.

विक्रम_पुणे · दुपारी २.३०

नागरी बँकांचं माझं चुकलं, मान्य. पण असा हिशेब छापल्यावर लोक समोरच्या खासगी बँकेत जातील, जिथे ऑन-रोडच्या ९०% देतात. जाहिरात करताय की लोकांना घालवताय? आणि फी माफ करून व्याज जास्त लावणाऱ्या बँकाही आहेतच. ३० लाखांच्या गृहकर्जाला २० वर्षांत साडेआठऐवजी पावणेनऊ टक्के लावलं, तर हप्ता सुमारे ४७५ रुपयांनी वाढतो. वाचवलेली फी तीन वर्षांत परत गेली. त्यामुळे व्याजदर लिहिल्याशिवाय नुसत्या फीला अर्थच नाही.

कृष्णाकाठ · दुपारी ३.१०

व्याजदर नेहमीचाच आहे, ऑफरसाठी वाढवलेला नाही. पण तो मजकुरात नव्हता हे खरं, घालते. जाणारे जातील हेही खरं. गेल्या वर्षीचे ते गृहस्थसुद्धा गेलेच, फक्त बुकिंगचे पैसे गमावून.

मस्कतहून_मिलिंद · दुपारी ४.००

मी ओमानमध्ये नोकरीला आहे, नोकरीला नऊ वर्षं झाली. कुपवाडला घर घ्यायचंय. "नोकरीत २ वर्षं" वाचून मला वाटलं मी बसतो. बसतो का?

कृष्णाकाठ · दुपारी ४.२०

नाही हो, परदेशी पगारावर आमच्याकडे कर्ज होत नाही. आणखी एक ओळ वाढली. तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

निवृत्त_कर्जविभाग · संध्याकाळी ६.४५

आता गृहकर्जाकडे बघू, कारण तिथे "फी शून्य" हा शब्द जास्त फसवा आहे. प्रोसेसिंग फी बँकेची, ती बँक माफ करू शकते. मूल्यांकनाची फी अभियंत्याची, सर्च रिपोर्ट वकिलांचा. आणि गहाणाच्या सूचनेवरचं मुद्रांक शुल्क सरकारचं, ते बँकेच्या हातातच नाही. माझ्या पुतण्याला ३० लाखांच्या कर्जाला ते नऊ हजार लागलं. तुमचं "इतर शुल्क प्रत्यक्ष खर्चानुसार" खरं आहे, पण त्यातून माणसाला पाचशे लागणार की पंधरा हजार, हे कळत नाही. अंदाज लिहा.

दुसरं, तारखा. "२२ ऑक्टोबरपर्यंत" म्हणजे त्या दिवसापर्यंत काय झालेलं असायला हवं? अर्ज, मंजुरी की पैसे हातात? बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात. पहिला टप्पा डिसेंबरमध्ये गेला तर माफी आहे का? माझ्या नोकरीत या एका शब्दावरून जितकी भांडणं झाली तितकी व्याजावरून झाली नाहीत. तारीख माणसाच्या हातात असलेल्या गोष्टीला बांधा: पूर्ण कागदांसह अर्ज. मंजुरी तुमच्या हातात आहे. तुमच्या उशिराने त्याची माफी जाऊ नये.

तिसरं, तुमच्या अंतर्गत परिपत्रकात "वर्षाच्या आत कर्ज बंद केल्यास माफ केलेली फी वसूल" असं काही आहे का? अशा ऑफरमध्ये ते हमखास असतं.

कृष्णाकाठ · रात्री ८.०५

आहे. शेवटचा मुद्दा आहे. तो पत्रकात घ्यायचा नाही असं ठरलं होतं.

निवृत्त_कर्जविभाग · रात्री ८.३०

मग साहेबांना हे दाखवा. रिझर्व्ह बँकेने २ जुलैला मुदतपूर्व परतफेडीबद्दल निर्देश काढलेत. त्यात स्पष्ट आहे की आधी माफ केलेलं शुल्क परतफेडीच्या वेळी मागे जाऊन वसूल करायचं नाही. ते १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांना लागू. तुमची वाहनकर्जं त्याआधीच मंजूर होतील, पण २२ ऑक्टोबरला अर्ज आलेलं आणि टायटलमध्ये अडकलेलं एखादं गृहकर्ज जानेवारीत जाईल. एकाच ऑफरमध्ये दोन नियम होतील. आणि त्याआधीच्या कर्जांतही, ही अट पत्रकात आणि केएफएसमध्ये न लिहिता नंतर वसुली करायला गेलात, तर तुमच्याकडे उत्तर नसेल. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. एक तर अट काढा, नाहीतर पुढच्या बाजूला छापा.

विक्रम_पुणे · रात्री ९.००

याला माझा विरोध आहे. लोक फी माफ करून घेतात आणि चार महिन्यांत कर्ज दुसऱ्या बँकेत नेतात. मूल्यांकन, छाननी यावर बँकेचाही खर्च झालेला असतो. जानेवारीच्या आधीच्या कर्जांना अट ठेवायला हरकत काय? छापा आणि ठेवा.

निवृत्त_कर्जविभाग · रात्री ९.१५

छापून ठेवली तर वाहनकर्जापुरता मला आक्षेप नाही. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतपूर्व फेडीला दंड लावायला २०१२ पासूनच बंदी आहे, आणि माझ्या मते ही वसुली म्हणजे तोच दंड वेगळ्या नावाने. तुमचं मत वेगळं असू शकतं.

कृष्णाकाठ · ५ सप्टेंबर, रात्री १०.१०

तीन दिवस साहेबांशी बोलणं चाललं होतं. फ्लेक्सवर एवढंच जाणार:

"२ वर्षं नोकरी किंवा धंदा झालाय? नव्या गाडीला, घराला प्रोसेसिंग फी नाही. पूर्ण कागदांसह अर्ज २२ ऑक्टोबरपर्यंत."

पत्रकाची पुढची बाजू:

"वाहन आणि गृहकर्जावर प्रोसेसिंग फी पूर्ण माफ. ८ लाखांच्या वाहनकर्जावर तुमचे ४,७२० रुपये वाचतात, ३० लाखांच्या गृहकर्जावर १७,७०० रुपये (जीएसटी धरून). व्याजदर नेहमीचाच, आजचा दर शाखेच्या फलकावर.

ही माफी तुम्हाला आहे, जर: तुमचं वय २१ ते ६० आहे, भारतातल्या नोकरीत २ वर्षं झाली आहेत, किंवा व्यवसायाचे शेवटच्या २ वर्षांचे आयकर रिटर्न भरलेले आहेत, दोन जामीनदार आहेत, गाडी नवी आहे. २२ सप्टेंबर ते २२ ऑक्टोबर २०२५ या काळात पूर्ण कागदांसह अर्ज दिला, तर मंजुरी नंतर आली तरी माफी कायम.

बँक हे तपासेल: सिबिल, कागदपत्रं, मिळकतीचं टायटल, हप्ता झेपेल का. आधी कर्ज घेतलेलं नसेल तरी अर्ज करता येतो. मंजुरीचं पत्र मिळेपर्यंत बुकिंगची रक्कम भरू नका.

हे खर्च माफ नाहीत: गृहकर्जासाठी मूल्यांकन आणि सर्च रिपोर्ट, मिळून सुमारे ७,००० रुपये, सरकारी मुद्रांक शुल्क. कर्जाच्या अडीच टक्के रकमेचे भाग तुमच्या नावावर घेतले जातील."

मागच्या बाजूला ९ लाख ६० हजारांच्या गाडीचा हिशेब, किराणाच्या पावतीसारखा. शेवटची ओळ ठळक: "तुम्हाला जवळ ठेवावे लागतील: २,२२,९०० रुपये." साहेबांनी ही ओळ दोनदा खोडली होती, तिसऱ्यांदा राहू दिली. वसुलीची अट गृहकर्जातून काढली. वाहनकर्जाचं अजून ठरलेलं नाही, सोमवारी बैठक आहे. राहिली तर पुढच्या बाजूला छापणार, हे कबूल करून घेतलंय.

दादा_कवठेमहांकाळ · रात्री १०.३०

भाग कर्ज फिटल्यावर परत मिळतात का आणि कधी, तेही लिहा. माझं कर्ज फिटून वर्ष झालं, भागाचे पैसे अजून आलेले नाहीत.

कृष्णाकाठ · रात्री १०.४५

ते आमच्याकडे अर्ज दिल्यावर संचालक मंडळाच्या मंजुरीने मिळतात. किती दिवसांत, याचं उत्तर मलाही कोणी दिलेलं नाही. सोमवारच्या बैठकीत विचारते आणि इथे लिहिते.

शिलाई_अंजली · रात्री ११.००

दोन जामीनदार हे आधी लिहिलं नव्हतं. माझ्याकडे एकच आहे, भाऊ. दुसरी बचत गटातली मैत्रीण चालेल का? तिचं रिटर्न नाही.